हसू, वाय आणि तीन शब्द

एकमेकांची भाषा न येणारी दोन माणसे भेटतात, तेव्हा भेटीची सुरुवात तोंडातून निघालेल्या शब्दाच्या बरीच आधी झालेली असते. पंधरा-वीस पावलांवर असतानाच दोघांनी एकमेकांना पाहिलेले असते आणि पुढे काय होणार याचा अंदाज दोघांनीही बांधलेला असतो. अ‍ॅडम केंडन आणि अँड्र्यू फर्बर या दोन अभ्यासकांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात अशा भेटींचे बारकाईने वर्णन केले आहे. वाढदिवसाच्या एका मेजवानीत घराबाहेर जमलेल्या पाहुण्यांचे चित्रीकरण करून त्यांनी ते संथ गतीने पुन्हा पुन्हा पाहिले. आधी नजरभेट होते, मग लांबूनच हात वर होतो किंवा मान हलते आणि एक हसू उमटते. त्यानंतर माणूस चालू लागतो, आणि चालताना समोरच्याकडे एकटक बघत राहत नाही. नजर खाली किंवा बाजूला जाते, एखादा हात केसांवरून किंवा कपड्यांवरून फिरतो. अगदी जवळ आल्यावर नजर पुन्हा वर येते, दुसरे हसू उमटते आणि मग हात मिळवणे, मिठी किंवा नमस्कार घडतो. शब्द उच्चारले जातात ते बहुधा या शेवटच्या टप्प्यावर.

हा क्रम अमेरिकेतल्या एका मेजवानीतला आहे आणि तो जसाच्या तसा जगभर लागू होतो असे मानण्याचे कारण नाही. तरी त्यातली एक गोष्ट परक्या मुलखात उपयोगी पडते. हसू दोनदा येते आणि मधल्या काळात नजर हटते. अनोळखी माणसाकडे लांबून हसत हसत, डोळ्यांवरून डोळे न काढता कोणी चालत आले तर समोरचा सावध होतो. हसू तेच असले तरी ते किती वेळ टिकले, यावर त्याचा अर्थ बदलतो.

जवळजवळ सगळीकडे आढळणारी आणखी एक खूण भुवयांची आहे. ऑस्ट्रियात जन्मलेले वर्तनशास्त्रज्ञ इरेनियस आयब्ल-आयबेसफेल्ट यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सामोआ, बाली, पापुआ, दक्षिण अमेरिकेतले यानोमामी अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या समाजांत फिरून माणसांच्या भेटी चित्रित केल्या. आपले चित्रीकरण होते आहे हे कळले की माणूस अवघडतो. म्हणून त्यांच्या कॅमेऱ्याच्या भिंगात आरसा बसवलेला होता, आणि कॅमेऱ्याचे तोंड एका दिशेला असताना चित्रण दुसऱ्याच दिशेचे होत असे. मैत्रीच्या भेटीत ओळख पटताच दोन्ही भुवया झटकन वर जातात, सेकंदाच्या सहाव्या भागाइतका वेळ तिथे राहतात आणि खाली येतात, असे त्यांना पुन्हा पुन्हा दिसले. करणाऱ्याला बहुतेक वेळा याचा पत्ताही नसतो. अर्थात हेही सर्वत्र सारखे नाही. जपानमध्ये मोठ्या माणसांनी परक्यासमोर भुवया अशा उडवणे अशिष्ट मानले जाते, असे त्यांनीच नोंदवले आहे.

हसण्याचेही दोन प्रकार जाणकार वेगळे काढतात. फ्रेंच डॉक्टर दुशेन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचा सौम्य प्रवाह देऊन केलेले प्रयोग १८६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू माणूस मनात येईल तेव्हा हलवू शकतो. डोळ्याभोवतीचा स्नायू मात्र सहसा खरा आनंद झाल्यावरच आकसतो, आणि मग डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात. फोटोसाठी केलेले हसू आणि मनापासूनचे हसू यांतला फरक बरेचदा कळतो, तो या सुरकुत्यांमुळे. भाषा नसलेल्या भेटीत समोरचा आपले डोळे वाचत असतो. म्हणून बळेच रुंद हसण्यापेक्षा हलके, सावकाश आलेले आणि सावकाश ओसरणारे हसू अधिक कामाला येते.

लांबून होणारी ही देवाणघेवाण बरीचशी सगळ्यांच्या ओळखीची असते. खरी अडचण जवळ आल्यावर होते, कारण हात पुढे करायचा की जोडायचा, वाकायचे किती, आधी कोणी करायचे, हे प्रत्येक समाजाने आपापले ठरवलेले आहे. त्यासाठी एखादाच देश घेऊन नीट पाहिलेले बरे. महाराष्ट्रातून हौसेने परदेशी जाणाऱ्यांच्या यादीत थायलंड वरच्या बाजूला असतो. बँकॉक, पट्टाया, फुकेत इथल्या हॉटेलांत इंग्रजी चालते. पण बाजारातली भाजीवाली, गल्लीतली खानावळ किंवा उत्तरेकडच्या चियांग माईमधले घरगुती निवासस्थान आले की ती लगेच संपते. आणि इथे मराठी माणसाची एक खास गोची आहे: तिथले अभिवादन दिसायला हुबेहूब आपल्या नमस्कारासारखे असते आणि नियम मात्र वेगळे असतात.

या अभिवादनाला थाई लोक ‘वाय’ म्हणतात. तळवे एकमेकांना चिकटवून छातीशी आणायचे, कोपरे अंगालगत ठेवायची आणि मान खाली झुकवायची. आपल्याकडे नमस्कार कोणालाही साधारण एकाच तऱ्हेने केला जातो. थायलंडमध्ये हात किती वर जातात यावर समोरच्याचा मान ठरतो आणि त्याच्या तीन पायऱ्या शाळेत शिकवल्या जातात. बरोबरीच्या माणसासाठी अंगठे हनुवटीशी आणि बोटांची टोके नाकाच्या शेंड्याशी येतात. आईवडील, शिक्षक, वडीलधारी यांच्यासाठी अंगठे नाकाच्या शेंड्याशी आणि बोटे दोन भुवयांच्या मध्ये. बुद्धमूर्ती आणि भिक्षूंसाठी अंगठे भुवयांच्या मध्ये आणि बोटांची टोके केसांच्या रेषेपर्यंत जातात. हात जितके वर, तितकी मान अधिक लवते. खरे तर हात डोक्याकडे नेण्यापेक्षा डोके हातांकडे आणले जाते, आणि ही लकब जमली की वाय नकली दिसत नाही.

त्याहून महत्त्वाचा नियम आधी कोणी करायचे याचा आहे. वयाने किंवा अधिकाराने लहान असलेल्याने आधी वाय करायचा आणि मोठ्याने उत्तर द्यायचे, तेही जरा खालच्या पायरीवर किंवा नुसत्या मानेने आणि हसण्याने. भिक्षू तर वायला उलट वाय करतच नाहीत. त्यात उपेक्षा नसते, तो त्यांचा रिवाज आहे. मराठी पर्यटक इथे सहज चुकतो. हॉटेलच्या दारातला पोऱ्या, दुकानातली विक्रेती, विमानाच्या दारातली कर्मचारी यांनी हात जोडले की आपल्या संस्कारानुसार तोही लगेच तितकाच लवून हात जोडतो, कधी त्यांच्या आधीच जोडतो. त्यात अपमान कोणाचाच होत नाही, पण समोरचा अवघडतो, कारण ग्राहकाने सेवकाला आधी वाय करणे त्याच्या हिशेबात उलटे असते. अशा वेळी मान किंचित झुकवून हसणे हे पुरेसे आणि योग्य उत्तर आहे. लहान मुलांना आधी वाय करू नये. त्यांनी केला तर हसून मान डोलवावी. हातात पिशव्या असतील तर त्या सांभाळत अर्धवट हात जोडण्यापेक्षा नुसती मान लववलेली चालते. समोरची व्यक्ती साठीची असेल आणि आपण चाळिशीतले असू, तर मात्र पुढाकार आपणच घ्यायचा.

आता शब्द. पहिला ‘सवत्दी’. त्यातला ‘स’ आखूड, ‘वत्’ आखूड आणि ‘दी’ लांब. सकाळी, संध्याकाळी, भेटताना, निघताना हा एकच शब्द चालतो. तो फार जुना आहे असे वाटते, पण त्याची वापरातली उमर शंभर वर्षांचीही नाही. बँकॉकच्या चुलालोंगकोर्न विद्यापीठात शिकवणारे भाषापंडित फ्रया उपाकित सिलापसान यांनी १९३०च्या दशकात संस्कृतातल्या ‘स्वस्ति’वरून तो घडवला, आणि १९४३ साली पंतप्रधान फिबून यांच्या सरकारने तो अधिकृत अभिवादन म्हणून पुरस्कारला. जुन्या मराठी पत्रांच्या आरंभी ‘स्वस्ति श्री’ येत असे, त्यातलाच हा शब्द. त्याआधी थाई माणसे एकमेकांना ‘जेवलास का’, ‘कुठे निघालास’ असे विचारत आणि घरच्या ओळखीत आजही तेच विचारतात. आपल्या खेड्यापाड्यांत पारावर बसलेली मंडळी येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच विचारतात, आणि कुठे निघालो याचे खरेखुरे उत्तर तिथेही कोणाला नको असते.

दुसरा शब्द ‘खॉप खुन’, म्हणजे आभार. तिसरा ‘खॉ थोत’, म्हणजे माफ करा. गर्दीतून वाट काढताना, कोणाला थांबवून काही विचारताना, धक्का लागल्यावर हा तिसरा शब्द लागतो आणि दिवसभरात तो बहुधा सगळ्यांत जास्त वापरला जातो. या उच्चारांत मराठी माणसाला एक फायदा आहे. थाई भाषेत क आणि ख, त आणि थ, प आणि फ हे वेगळे ध्वनी आहेत आणि ते बदलले की शब्द बदलतो. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक मुद्दाम शिकावा लागतो, मराठी जिभेला तो जन्मापासून येतो. फक्त ‘फ’ ओठ मिटून म्हटला पाहिजे. फुकेतमधला फ इंग्रजी ‘एफ’सारखा नाही, पुढच्या दातांचा त्यात काही संबंध नाही. ‘खुन’मधला उकारही आखूडच ठेवावा. तो लांबवला की आपल्यालाच दचकायला होते.

सूर ही मात्र मराठी माणसाला नवी गोष्ट आहे. थाई भाषेत पाच सूर आहेत आणि एकच अक्षर वेगळ्या सुरात म्हटले की वेगळा शब्द होतो. दोन-चार दिवसांच्या पाहुण्याने ते सगळे शिकण्याच्या भानगडीत पडू नये. ठरलेल्या जागी, हात जोडून म्हटलेला ‘सवत्दी’ सूर चुकला तरी ओळखू येतो, कारण त्या क्षणी दुसरा कोणता शब्द येण्याची अपेक्षाच नसते. हेच बाजारात एखाद्या भाजीचे नाव घेताना चालत नाही. तिथे सूर चुकला की भलतीच वस्तू हातात येते, म्हणून तिथे बोटाने दाखवलेले बरे.

या तिन्ही शब्दांना शेपूट लागते. पुरुष बोलत असेल तर ‘ख्रप’, बाई बोलत असेल तर ‘खा’. बोलण्यात ‘ख्रप’मधला र बहुतेक गळतो आणि शेवटी ओठ नुसते मिटतात, त्यामुळे ऐकू येते ते ‘खप्’. ‘खा’ वरून खाली घसरत्या सुरात म्हणतात. हे शेपूट आदराचे असते. ते नसले तर वाक्य चुकत नाही, पण तुटक लागते. आपल्याकडे अनोळखी म्हाताऱ्याला ‘अहो’ न म्हणता ‘ए’ म्हणावे तसे.

एक भेट पायरीपायरीने पाहू. समजा, पुण्याहून आलेली चाळिशीची एक बाई चियांग माईच्या जुन्या गावभागातल्या एका घरगुती निवासस्थानाच्या फाटकातून आत येते. ओसरीवर साठी उलटलेली मालकीण भाजी निवडत बसली आहे. पाहुणी फाटकाशीच क्षणभर थांबते. म्हातारी वर बघते, पाहुणी हलके हसते आणि मान झुकवते. लांबचे अभिवादन इथे झाले. मग ती अंगण ओलांडते, नजर वाटेकडे आणि ओसरीपाशी काढून ठेवलेल्या चपलांकडे. स्वतःच्या चपला ती त्यांच्या शेजारी काढते, कारण थाई घरात पादत्राणे घालून शिरत नाहीत, आणि हे न सांगता केले यातच म्हातारीला बरेच काही कळते. बॅग खाली ठेवून दोन्ही हात मोकळे केल्यावर, साधारण दीड हातावर उभी राहून ती वाय करते, अंगठे नाकाच्या शेंड्याशी, आणि म्हणते ‘सवत्दी खा’. म्हातारी बसलेली असल्याने पाहुणी जरा अधिक वाकते, आपले डोके तिच्या डोक्यापेक्षा फार उंच राहू नये इतके.

म्हातारी हात छातीशी जोडून उत्तर देते, पण ते ‘सवत्दी चाव’ असे ऐकू येते. पाहुणीला वाटते, आपले काही चुकले. तसे नाही. उत्तर थायलंडची बोली वेगळी आहे आणि तिथल्या बायका ‘खा’ऐवजी ‘चाव’ म्हणतात. लगेच तेच उचलून ‘चाव’ म्हणण्याची गरज नसते. पुढे मालकीण पाण्याचा पेला पुढे करते. तो घेताना पाहुणी उजवा हात वापरते आणि ‘खॉप खुन खा’ म्हणते. इथवर फार तर अर्धे मिनिट गेलेले असते आणि दोन शब्द खर्च झालेले असतात.

जमले की नाही, हे समोरच्या अंगावरून कळते. जमले असेल तर खांदे सैल पडतात, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या येतात, माणूस जागा दाखवतो, आणि बोलायला लागलाच तर सावकाश बोलतो. बिनसले असेल तर हसू ओठांवरच थांबते, नजर बाजूला जाते आणि इंग्रजी येणारी कोणी पोरगी आसपास आहे का याचा शोध सुरू होतो. एका खुणेचा अर्थ मात्र आपल्या सवयीने लावू नये. थाई माणूस अवघडला, चुकला किंवा काय बोलावे ते त्याला सुचले नाही, तरीही तो हसतो. हातून पेला पडून फुटला आणि वाढणारा मुलगा हसला, तर तो थट्टा करत नसतो, त्याच्या परीने तो दिलगिरी व्यक्त करत असतो. त्यावर आवाज चढवणे म्हणजे भेटीचा शेवट. चारचौघांत रागावलेला माणूसच तिथे स्वतःची शोभा करून घेतो. दोष आपला असला आणि समोरचा ‘माय पेन राय’ म्हणाला, तर विषय संपला असे समजावे. ‘असू दे, काही बिघडले नाही’ असे तो म्हणाला आहे.

मराठी घरातून सोबत आलेल्या काही सवयी इथे बाजूला ठेवाव्या लागतात. त्यातली पहिली म्हणजे कौतुकाने मुलाच्या डोक्यावरून हात फिरवणे. थाई लोक डोके हे शरीराचा सर्वांत पवित्र भाग मानतात, परक्याने ते शिवलेले आईबापांना रुचत नाही. पाय त्याच्या उलट, सर्वांत हीन. म्हणून पायाने वस्तू सरकवणे किंवा बसल्यावर तळवे कोणाकडे, विशेषतः मूर्तीकडे किंवा भिक्षूकडे करणे टाळतात. भिक्षू दिसल्यावर बायकांनी वाय जरूर करावा, पण जवळ जाऊन स्पर्श करू नये आणि वस्तू थेट त्यांच्या हातात देऊ नये. कोणाला जवळ बोलवायचे तर तळहात जमिनीकडे ठेवून बोटे खाली हलवतात. तळहात वर करून एका बोटाने खुणावणे उद्धट दिसते. आणि होकारासाठी मान दोन्ही खांद्यांकडे डोलवण्याची आपली खोड तिथे सहसा धड समजत नाही. तिथे ‘हो’ म्हणायचे असेल तर मान सरळ वर-खाली करावी. बल्गेरियात तर याच्याही उलट आहे, तिथे मान वर-खाली म्हणजे नकार आणि आडवी म्हणजे होकार. पण ती वेगळीच कथा.

तीन शब्द चांगले जमले की एक नवे संकट उभे राहते. समोरच्याला वाटते, याला आपली भाषा येते, आणि तो भरभरून बोलू लागतो. अशा वेळी समजल्याचा आव आणून मान डोलवत राहिले की काही मिनिटांतच एखाद्या न समजलेल्या प्रश्नाला होकार गेलेला असतो. हसत, उघडा तळहात छातीसमोर हलकेच आडवा हलवून ‘येत नाही’ असे लगेच सांगितलेले बरे. त्याने आधीचे अभिवादन वाया जात नाही. त्यापुढचे व्यवहार या शब्दांवर चालतही नाहीत. भाव विचारायचा असेल तर बाजारातली विक्रेती स्वतःच कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून दाखवते. पत्ता विचारायचा तर तो थाई लिपीत लिहिलेला कागद रिक्षावाल्यापुढे धरावा लागतो. औषधाच्या दुकानात तर हातवाऱ्यांवर मुळीच विसंबू नये. पोट दाखवून सांगितलेल्या दुखण्यातून जुलाब, बद्धकोष्ठ आणि जळजळ यांतले नेमके काय, ते कळत नाही. तिथे दुभाष्या शोधावा.

निघताना पुन्हा तोच क्रम, उलट्या दिशेने. चपला घालण्याआधी, ओसरीवर असतानाच धाकट्याने वाय करावा, ‘सवत्दी’ म्हणावे आणि फाटकाशी पोचल्यावर एकदा मागे वळून मान झुकवावी. थायलंडला निघालेल्या पुरुष वाचकांसाठी एक सूचना. हे शब्द बहुतेक पर्यटक हॉटेलातल्या किंवा विमानातल्या मुलीच्या तोंडून प्रथम ऐकतात आणि तिच्यासारखेच ‘सवत्दी खा’ म्हणत गावभर फिरतात. ऐकणारा काही बोलत नाही, पण गालात हसतो. शेपूट बोलणाऱ्याप्रमाणे बदलते, म्हणून पुरुषांनी ते हॉटेलच्या दारावरच्या रखवालदाराकडून ऐकून घ्यावे.